टेस्टच्या 40 फळांवर 92.5 टक्के अचूकता: हा आकडा खरा मानावा का, आणि इतरांचे निबंध वाचताना नेमके काय पाहावे?

खाडीकाठ

नमस्कार. हापूसच्या फळात साका आहे की नाही, हे फळ न कापता, सालीवरून परत येणाऱ्या निअर-इन्फ्रारेड प्रकाशावरून ओळखता येते का, यावर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. या मोसमात रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागेतील 25 कलमांची प्रत्येकी 8, अशी 200 फळे घेतली. प्रत्येक फळाचा स्पेक्ट्रम आधी नोंदवला आणि फळ पिकल्यावर ते उभे कापून आत पांढरट, स्पंजासारखा भाग आहे का ते पाहिले. 88 फळांत साका निघाला, 112 चांगली निघाली.

मग 160 फळे ट्रेनिंगला आणि 40 टेस्टला अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. मॉडेल एसव्हीएम आहे. त्यात `C` च्या 5 किमती, `gamma` च्या 4 आणि पीसीएच्या घटकांच्या 3 संख्या, अशी 60 सेटिंगे होतात. प्रत्येक सेटिंगने 160 फळांवर मॉडेल शिकवले आणि 40 फळांवर तपासले. सगळ्यांत चांगल्या सेटिंगने 40 पैकी 37 फळे बरोबर ओळखली, म्हणजे 92.5 टक्के. या विषयावरच्या निबंधांतही नव्वदीच्या वरचे आकडे वाचले होते, त्यामुळे मी निश्चिंत होते.

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी एवढेच विचारले, “ही 40 फळे तुम्ही किती वेळा पाहिलीत?” मी म्हटले, प्रत्येक सेटिंगला एकदाच. ते हसले, “नेस्टेड क्रॉस-व्हॅलिडेशन करा” म्हणाले आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. माझे दोन प्रश्न आहेत. ती 40 फळे एकाही मॉडेलला शिकवताना वापरलेली नाहीत, मग चूक कुठे झाली? आणि ही चूक असेल, तर मी वाचलेल्या निबंधांत ती झाली आहे की नाही, हे कसे ओळखायचे? कारण “आम्ही टेस्टवर सेटिंग निवडले” असे कोणीच लिहीत नाही.

कातळसडा

तुमच्या मॉडेलांनी ती 40 फळे पाहिली नाहीत हे खरे आहे, परंतु तुम्ही ती पाहिलीत, आणि साठांतून एक मॉडेल निवडलेत ते त्याच फळांच्या साक्षीने. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच झाले की निकाल कसा लागतो, ते आकड्यांत पाहू.

घटकाभर समजा की तुमची साठही सेटिंगे गुणवत्तेने अगदी सारखी आहेत आणि प्रत्येकाची खरी अचूकता 80 टक्के आहे. अशा मॉडेलची सरासरी 40 पैकी 32 येईल, पण दर वेळी 32 येणार नाही. कधी 29, कधी 35 असा दोन्हीकडे दोन-तीन फळांचा हेलकावा फक्त नशिबाने येतो, कारण 40 ही फार लहान संख्या आहे. आता साठ जणांना चाळीस-चाळीस फळे ओळखायला लावून त्यांतला सर्वांत वरचा आकडा उचलला, तर तो किती असेल? संगणकावर अर्ध्या मिनिटाचे काम आहे:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
hits = rng.binomial(40, 0.8, size=(10000, 60))
print(hits.max(axis=1).mean() / 40)
```

उत्तर 0.93 च्या आसपास येते. साठ सारख्याच मॉडेलांतल्या “सर्वोत्तम” मॉडेलला दर पाचांपैकी चार वेळा किमान 37 गुण मिळतात. तुमचा आकडाही 37 च आहे. तुमचे मॉडेल 80 टक्क्यांचेच आहे असा याचा अर्थ नव्हे. 37 हा आकडा 80 टक्क्यांच्या मॉडेललाही सहज मिळतो, म्हणून त्यावरून 92.5 टक्क्यांचा दावा उभा राहत नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

एक दुरुस्ती मीच करतो. वरच्या हिशेबात साठही जण स्वतंत्रपणे चुकतात असे धरले आहे. प्रत्यक्षात `C` 10 आणि `C` 100 ची मॉडेले बहुधा त्याच फळांवर चुकतात, त्यामुळे खरी फूग याहून कमी असणार. ती किती कमी, हे सूत्राने सांगता येत नाही. तुमच्या डेटावर चालवूनच पाहावे लागते.

रापण

मी चिपळुणात बसून एका कंपनीचे असेच काम करतो, म्हणून लिहितो. मला वाटते मूळ दोष दुसरीकडेच आहे. एकाच कलमाची 8 फळे आहेत, आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी केली म्हणजे त्यांतली सहा-सात ट्रेनिंगमध्ये गेली आणि एक-दोन टेस्टमध्ये आली. एका कलमाला ऊन, पाणी, खत सारखेच मिळालेले असते, त्यामुळे मॉडेलने साका ओळखायच्या ऐवजी कलम ओळखले असण्याची शक्यता आहे. वाटणी कलमानुसार करा, `GroupKFold` वापरा, आणि प्रश्न मिटला. नेस्टेड वगैरे करायला वेळ फार लागतो आणि त्यातून हाती काही येत नाही.

देवगडची_पेटी

नमस्कार मंडळी. मी बागायतदार आहे, तुमच्या संगणकातले मला फारसे कळत नाही. परंतु साका हा शब्द दिसला म्हणून थांबलो. आमच्याकडे पेटी मुंबईला पोहोचते, गिऱ्हाईक फळ कापते आणि मग फोन येतो. ताई, तुमचे यंत्र शंभरांतली 92 फळे बरोबर सांगत असेल तर ते विकत कुठे मिळते आणि किंमत किती? पाच डझनांच्या पेटीत चार-पाच फळे चुकली तरी मला चालेल.

खाडीकाठ

काका, यंत्र अजून विकण्याजोगे झालेले नाही, आणि ते 92 फळे बरोबर सांगते की नाही, यावरच हा धागा आहे. या चर्चेतून जो आकडा शिल्लक राहील तो तुम्हाला नक्की सांगेन.

कातळसडा सर, आणि रापण, तुम्हा दोघांचेही म्हणणे वेगवेगळे तपासता येईल असे वाटते. सर, नेस्टेड म्हणजे माझ्या 200 फळांवर नेमके काय करायचे, ते पायरीपायरीने सांगाल का? मी वाचलेल्या दोन ठिकाणी आकृती होती, पण आतली चक्रे आणि बाहेरची चक्रे यांत माझा गोंधळ झाला.

कातळसडा

रापण यांनी कलमांचा मुद्दा काढला तो अगदी योग्य आहे, आणि माझ्या लक्षात यायला हवा होता. मात्र “प्रश्न मिटला” हे मान्य नाही. कलमानुसार वाटणी केली आणि साठ सेटिंगांतले टेस्टवर सर्वांत चांगले ठरलेले पुन्हा उचलले, तर वर दाखवलेली फूग जशीच्या तशी राहते. हे दोन वेगळे रोग आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आता पायऱ्या. 25 कलमांचे 5-5 चे पाच गट करा. पहिल्या गटाची 40 फळे पेटीत बंद करून कुलूप लावा. उरलेल्या 20 कलमांच्या 160 फळांवर तुम्हाला जी काही निवड करायची असेल ती सगळी करा: या 20 कलमांचे पुन्हा चार भाग पाडा, प्रत्येक सेटिंग तीन भागांवर शिकवून चौथ्यावर तपासा, चारही भागांची सरासरी काढा, सर्वांत चांगले सेटिंग निवडा आणि त्या सेटिंगने सगळ्या 160 फळांवर मॉडेल शिकवा. त्यानंतरच कुलूप काढा आणि त्या एकाच मॉडेलला ती 40 फळे एकदाच दाखवा. जो आकडा येईल तो लिहून ठेवा; आवडला नाही म्हणून मागे जाऊन काही बदलायचे नाही. मग दुसरा गट कुलपात ठेवून सगळे पुन्हा पहिल्यापासून. असे पाच वेळा झाले की 200 पैकी प्रत्येक फळ एकदाच तपासले गेलेले असते, आणि तेही अशा मॉडेलकडून, ज्याच्या शिकण्यात आणि ज्याच्या निवडीत त्या फळाचा काडीचाही वाटा नव्हता.

वेळेबद्दल म्हणाल तर 5 गुणिले 4 गुणिले 60 म्हणजे 1200 वेळा, आणि शेवटची पाच, अशी 1205 मॉडेले होतात. 200 फळांच्या एसव्हीएमला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. मोठ्या न्यूरल नेटवर्कला हा हिशेब परवडत नाही, तिथे रापण यांची तक्रार रास्त आहे.

```python
outer = GroupKFold(n_splits=5)
for tr, te in outer.split(X, y, groups=tree):
    gs = GridSearchCV(pipe, grid, cv=GroupKFold(n_splits=4))
    gs.fit(X[tr], y[tr], groups=tree[tr])
    print(gs.best_params_, gs.score(X[te], y[te]))
```

चक्र मुद्दाम हाताने लिहिले आहे. `GridSearchCV` थेट `cross_val_score` मध्ये घातले तर बाहेर दिलेले `groups` आपोआप आत पोहोचत नाहीत, आणि “The 'groups' parameter should not be None.” अशी तक्रार येते. ती टाळण्यासाठी आत साधे `KFold` घालणारे अनेक जण पाहिले आहेत. त्याने बाहेरचा आकडा फुगत नाही, कारण कुलपातली कलमे तरीही वेगळीच असतात. मात्र आतली निवड बिघडते, कारण कलम ओळखणारे सेटिंग आतल्या तपासणीत वरचढ ठरते आणि तेच पुढे पाठवले जाते. `pipe` मध्ये प्रमाणीकरण आणि पीसीए हेही असले पाहिजेत, ते आधीच सगळ्या 200 फळांवर उरकून घेऊ नका.

खाडीकाठ

काल रात्री वीज गेली आणि पाऊसही होता, त्यामुळे आज सकाळी चालवले. दोन्ही शंका वेगळ्या करता याव्यात म्हणून तीन प्रकार केले.

पहिला प्रकार बहुतेक निबंधांत दिसतो तो: सगळ्या 200 फळांवर साधे पाच घड्यांचे क्रॉस-व्हॅलिडेशन, साठ सेटिंगे आणि त्यांतले सर्वांत चांगले, म्हणजे `best_score_`. उत्तर 174 फळे बरोबर, 87 टक्के. दुसरा प्रकार नेस्टेड, पण वाटणी कलमांचा विचार न करता: 166 फळे, 83 टक्के. तिसरा प्रकार सरांनी सांगितलेला, नेस्टेड आणि कलमानुसार. त्यात पाच गटांचे आकडे 31, 28, 34, 30 आणि 33 आले. बेरीज 156, म्हणजे 78 टक्के.

92.5 वरून 78. कोणत्याही फळाला “चांगले” म्हणून मोकळे झाले तरी 56 टक्के मिळतातच, त्यामुळे हातात उरले ते 22 टक्के. मन खट्टू झाले, हे लपवत नाही. परंतु त्यातही एक गोष्ट समजली नाही. पाच गटांत निवडली गेलेली सेटिंगे सारखी नाहीत. दोन ठिकाणी `C` 1 आला, दोन ठिकाणी 10, एका ठिकाणी 100. मग माझे अंतिम मॉडेल कोणते?

रापण

माझा मुद्दा पाच टक्क्यांचा ठरला, आणि कातळसडा सरांचा त्याहून मोठा, हे मान्य करतो. अंतिम मॉडेलचे सोपे आहे: ज्या गटात 34 आले, त्याचे सेटिंग घ्या. 40 पैकी 34 म्हणजे 85 टक्के. निबंधात 78 ऐवजी 85 लिहिता येतील आणि ते नेस्टेडमधूनच आलेले असल्यामुळे कोणाला हरकत घेता येणार नाही.

कातळसडा

रापण, हरकत मी घेतो. बाहेरच्या पाच आकड्यांतला सर्वांत मोठा उचलणे म्हणजे साठांतला सर्वांत मोठा उचलण्याचाच धाकटा भाऊ आहे. पाच गटांत 28 पासून 34 पर्यंत आकडे आले, यात सेटिंगांच्या फरकापेक्षा कोणत्या गटात कुठली कलमे पडली याचाच हात अधिक असावा. 34 च्या गटातली कलमे ओळखायला सोपी होती, एवढेच कदाचित त्यातून कळते.

नेस्टेडमधून मॉडेल निवडले जात नाही, ही गोष्ट बहुतेकांना पहिल्यांदा खटकते. तिथे तपासली जाते ती तुमची पद्धत: “160 फळे द्या, त्यांवर मी अमुक प्रकारे सेटिंग शोधीन आणि मॉडेल देईन.” या पद्धतीचे फळ सरासरीने 78 टक्के. अंतिम मॉडेलसाठी हीच पद्धत सगळ्या 200 फळांवर एकदा चालवायची: कलमानुसार घड्या, साठ सेटिंगे, त्यांतले एक, आणि त्याने 200 फळांवर शिकवलेले मॉडेल. त्या वेळी जो `best_score_` दिसेल तो निबंधात मिरवायचा नाही. सोबत 78 लिहायचे. पाच ठिकाणी `C` वेगवेगळा आला याचा अर्थ तुमच्या डेटाला `C` 1 आणि `C` 100 यांतला फरक नीट सांगता येत नाही, आणि ही माहिती निबंधात एका वाक्यात द्यावी, कारण वाचणाऱ्याला ती उपयोगी आहे.

78 च्या पुढेही एक प्रश्नचिन्ह आहे. साध्या सूत्राने 200 फळांवर सुमारे सहा टक्क्यांचा इकडेतिकडे फरक येतो, परंतु ते सूत्र प्रत्येक फळ स्वतंत्र मानते. एका कलमाची आठ फळे स्वतंत्र नाहीत, आणि पाच गटांची ट्रेनिंग फळेही एकमेकांत मिसळलेली आहेत. बेंजिओ आणि ग्रँडव्हले यांनी 2004 मध्ये दाखवून दिले की क्रॉस-व्हॅलिडेशनच्या आकड्याचा विचरण त्याच आकड्यांवरून निःपक्षपातीपणे काढण्याची सर्वत्र चालणारी रीत असू शकत नाही. म्हणून पाचही गटांचे आकडे उघड द्या, वाचणारा स्वतः अंदाज बांधील.

बांगडा_सुरमई

या धाग्यावर थोडा वेगळा सूर लावतो. मी मालवणला असतो आणि मासळीच्या छायाचित्रांवरून जात ओळखण्याचे काम करतो. आमच्याकडे टेस्टलाच 10,000 छायाचित्रे आहेत. आम्ही नेस्टेड कधी केले नाही आणि करणारही नाही. एक मॉडेल शिकायला दीड दिवस लागतो. ट्रेनिंग, व्हॅलिडेशन आणि टेस्ट असे तीन भाग, बस. शिवाय टेस्ट वारंवार वापरल्याने आकडे फुगतात ही भीती वाजवीपेक्षा जास्त आहे असे मला वाटते. बेंजामिन रेक्ट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये इमेजनेटची नवी टेस्ट छायाचित्रे गोळा करून जुनी मॉडेले त्यांवर तपासली. सगळ्यांची अचूकता 11 ते 14 टक्क्यांनी घसरली, परंतु मॉडेलांचा क्रम बहुतांशी तोच राहिला. वर्षानुवर्षे सगळे जग एकाच टेस्टवर सेटिंगे बदलत होते, तरी पहिला तो पहिलाच राहिला.

कातळसडा

तुमच्या 10,000 छायाचित्रांसाठी तीन भाग पुरेसे आहेत, यात वाद नाही. तोच साठ मॉडेलांचा हिशेब 90 टक्के अचूकता धरून 10,000 वर केला तर फूग एक टक्क्याच्याही आत, साधारण 0.7 येते. खाडीकाठ यांच्या 40 फळांवर तीच चूक 13 टक्क्यांची होते. पापाचे माप टेस्टच्या आकारावर ठरते, म्हणून मोठ्या छायाचित्रांच्या जगातला अनुभव लहान प्रयोगशाळेच्या जगात आणू नये. आणि रेक्ट यांच्या कामात क्रम टिकला तरी आकडे घसरलेच. लेखकांनी ती घसरण टेस्टच्या वारंवार वापराला न लावता नव्या छायाचित्रांच्या किंचित वेगळेपणाला लावली आहे, तेव्हा तो पुरावा तुमच्या बाजूचा आहे, पण “78 की 92” या प्रश्नाचा नाही.

लहान डेटाच्या जगात काय होते ते वर्मा आणि सायमन यांनी 2006 मध्ये दाखवले होते. त्यांनी जनुकांचा असा कृत्रिम डेटा घेतला, ज्यात दोन गटांत काहीच फरक नव्हता; म्हणजे खरी चूक 50 टक्के असायला हवी. एसव्हीएमची सेटिंगे क्रॉस-व्हॅलिडेशनने निवडून तोच आकडा चूक म्हणून सांगितला, तेव्हा अशा 38 टक्के डेटासंचांत ती चूक 30 टक्क्यांच्याही खाली दिसली. डेटात काहीही नसताना 70 टक्क्यांच्या वर अचूकता! नेस्टेड केल्यावर आकडा जवळजवळ 50 वर येऊन बसला.

दुसरी बाजूही नोंदवतो. कॉली आणि टालबोट यांनी 2010 मध्ये या पक्षपाताबद्दल सविस्तर इशारा दिला. त्याच कॉली यांनी पुढे वेनर यांच्याबरोबर असेही लिहिले की अनेक पद्धतींतून केवळ एक निवडायची असेल आणि हायपरपॅरामीटर मोजकेच असतील, तर साधे क्रॉस-व्हॅलिडेशन बहुधा पुरते, नेस्टेड हा अतिउत्साह ठरतो. निवड आणि आकडा सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. खाडीकाठ यांना आकडा सांगायचा आहे.

गुहागरी_वाचक

मूळ दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून मी लिहिते. लहान डेटाचे निबंध परीक्षणासाठी माझ्याकडे येतात. त्यांत मी काय शोधते ते सांगते.

सगळ्यांत आधी मी कोष्टक पाहते. दहा-बारा ओळी, प्रत्येक ओळीत वेगळे सेटिंग किंवा वेगळी पूर्वप्रक्रिया, शेवटच्या स्तंभात टेस्टची अचूकता, एक आकडा ठळक, आणि तोच सारांशात. इथे काही सिद्ध करावे लागत नाही, निवड टेस्टवर झाल्याचे लेखकांनीच छापलेले असते. दुसरी खूण अशी की पद्धतीच्या परिच्छेदात “डेटा 80 आणि 20 टक्के असा विभागला” असे लिहिलेले असते, “सेटिंगे ग्रिड सर्चने ठरवली” असेही असते, परंतु ग्रिड सर्चने कोणत्या फळांवर तपासून ठरवली, ते वाक्यच नसते. व्हॅलिडेशनचा उल्लेख नसेल तर तिसरा भाग आकाशातून आलेला नसतो. न्यूरल नेटवर्कच्या निबंधांत आलेख पाहावा: टेस्टची रेषा प्रत्येक इपॉकला काढलेली असेल आणि मजकुरात “सर्वोत्तम इपॉक” असेल, तर थांबायचे कधी हेही टेस्टनेच सांगितलेले असते.

तिसरी जागा सर्वांत महाग पडते आणि ती नेस्टेडच्या नावाखालीही लपते. समजा, शेकडो तरंगलांबींतून साक्याशी सर्वाधिक संबंध असलेल्या 12 तरंगलांबी आधी सगळ्या 200 फळांवरून निवडल्या आणि त्यानंतर त्या 12 वर व्यवस्थित नेस्टेड केले. कुलूप लावण्याआधीच पेटी उघडून पाहिलेली असते. जनुकांच्या बाबतीत हे अँब्रॉइझ आणि मॅकलाखलन यांनी 2002 मध्ये दाखवले होते, तरी अजूनही असे निबंध येतात. उलट प्रत्येक स्पेक्ट्रमचे त्याच्या स्वतःच्याच सरासरीने केलेले प्रमाणीकरण आधी उरकले तरी चालते, कारण त्यात एका फळाची माहिती दुसऱ्यात जात नाही.

आणखी एक अन्याय मला फार दिसतो. लेखकांच्या नव्या पद्धतीला साठ सेटिंगे मिळतात आणि तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीला तयार मिळणारे एकच. मग टेस्ट कितीही स्वच्छ ठेवली तरी जिंकणारा आधीच ठरलेला असतो. हे नेस्टेडने पकडले जात नाही.

निबंधात काहीच स्पष्ट नसेल तर मी दोनच गोष्टी मागते: टेस्टमध्ये किती नमुने होते आणि एकूण किती सेटिंगे तपासली. या दोन संख्या मिळाल्या की कातळसडा यांची चार ओळींची आज्ञावली मीच चालवून पाहते.

देवगडची_पेटी

म्हणजे 92 नव्हे, 78. पाच डझनांच्या पेटीत तेरा फळे चुकणार. पण ताई, चुकणार म्हणजे कुठल्या बाजूने? चांगले फळ साक्याचे म्हणून बाजूला काढले तर माझे नुकसान, साक्याचे फळ चांगले म्हणून पेटीत गेले तर माझे नाव जाते. दोन्ही सारखे नाही.

खाडीकाठ

काका, हा प्रश्न मला परीक्षकांनीही विचारला नव्हता. आता पाहिले: 156 बरोबर, 44 चुका. त्यांतली 26 साक्याची फळे चांगली म्हणून सुटली आणि 18 चांगली फळे विनाकारण बाजूला गेली. म्हणजे 88 पैकी 62 साके पकडले गेले. तुमच्या बागेत साक्याचे प्रमाण माझ्या 200 फळांपेक्षा वेगळे असेल तर तेरा हा आकडाही बदलेल. सुटणारी फळे कमी करायची तर निर्णयाची सीमा हलवता येते, परंतु ती सीमासुद्धा आतल्या चक्रातच ठरवावी लागेल, नाहीतर मी पुन्हा तिथेच येईन.

गुहागरी_वाचक ताई, तुमचे वाचून माझीच एक चूक सापडली. साठ सेटिंगांच्या आधी मी स्पेक्ट्रम गुळगुळीत करण्याच्या खिडकीच्या चार रुंदी हाताने करून पाहिल्या होत्या आणि 40 फळांवर जी चांगली दिसली ती ठेवली. ते कुठे नोंदवले नव्हते, आज्ञावलीतही नाही. म्हणजे सेटिंगे 60 नव्हती, 240 होती, आणि माझ्या 78 मध्येही ती जुनी निवड शिरलेली आहे.

कातळसडा

खिडकीची रुंदी `pipe` मध्ये एक टप्पा म्हणून घाला आणि चारही रुंदी ग्रिडमध्ये द्या. 1200 ची 4800 मॉडेले होतील. 78 किंचित खाली येईल किंवा येणार नाही. मात्र या चारच रुंदी का, हे तुम्ही जर फळे पाहूनच ठरवले असेल, तर तेवढा अंश आता या 200 फळांतून पुसता येणार नाही.

खाडीकाठ

चार रुंदी फळे पाहण्याआधी ठरल्या होत्या, वहीत तारीख आहे. चालवले: 154, म्हणजे 77 टक्के.

मार्गदर्शकांचे मत मात्र वेगळे पडले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या विषयावरचे इतर सगळे निबंध नव्वदीच्या वर असताना 77 लिहिले तर मासिक परत पाठवील, म्हणून 87 चा साध्या क्रॉस-व्हॅलिडेशनचा आकडा मुख्य ठेवावा आणि नेस्टेड पुरवणीत द्यावे. मी दोन्ही आकडे एकाच कोष्टकात, शेजारी शेजारी मांडून मसुदा त्यांना दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही.

रापण

परीक्षक पुरवणी उघडत नाहीत, एवढे मी अनुभवाने सांगतो.

गुहागरी_वाचक

मी उघडते. पण सगळे उघडतात असे म्हणवत नाही.

देवगडची_पेटी

ताई, पुढच्या मोसमात माझ्या बागेतली दहा कलमे घ्या. फळे मी काढून देईन, कापायचीही तुमच्यासमोरच. तोपर्यंत त्या यंत्राला माझी फळे दाखवू मात्र नका.